उन्हाने भुरी झालेली टोकं आधी सारखी करा, मगच सगळ्या केसांना एक शेड लावा

उन्हाने टोकं भुरी झालेल्या केसांवर गडद तपकिरी रंग मुळापासून टोकापर्यंत एका दमात लावला, तर पहिल्या दिवशी सगळं छान दिसतं. तीन-चार वेळा केस धुऊन झाले की टोकं पुन्हा तांबूस दिसायला लागतात, नाहीतर मळकट हिरवट झाक मारतात. मग वाटतं, रंगच फिका निघाला. पुढच्या वेळी एक नंबर गडद शेड आणली जाते, आणि तेव्हा टोकं काळी ठिक्कर, मुळं तपकिरी, असा नवाच घोळ होतो.

ट्यूब बदलून हा घोळ सुटत नाही, कारण चूक क्रमाची असते. उन्हाने केसाचा नुसता गडदपणा जात नाही. तपकिरी रंगाच्या तळाशी असलेला लालसर थरही जातो. नॅचरल ब्राउनची ट्यूब हा थर केसात आहे असं धरूनच बनवलेली असते. मुळांशी तो असतो, टोकांना नसतो. म्हणून टोकांना तो थर आधी परत द्यायचा आणि मग सगळ्या डोक्याला एक शेड लावायची. या आधीच्या थराला पार्लरमध्ये फिलर म्हणतात. संपूर्ण लेख या दोन टप्प्यांच्या नीट क्रमाबद्दल आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच डोकं शेवटपर्यंत समोर ठेवू. रोज दुचाकीवरून कॉलेजला किंवा ऑफिसला जाणारी मुलगी. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, पण वेणीचं शेपूट बाहेर, पाठीवर, उन्हात. केस साधारण ४५ सेंटीमीटर लांब. मुळं जवळजवळ काळी, मधला भाग गडद तपकिरी, शेवटचे १२ सेंटीमीटर तांबूस. तिला सगळे केस गडद तपकिरी हवे आहेत, म्हणजे ट्यूबवर ज्याला ३ नंबर म्हणतात ती शेड.

## हा मार्ग कोणासाठी नाही

तुम्हाला हवी असलेली शेड टोकांपेक्षा गडद असेल तरच हा मार्ग चालतो. टोकांइतकी किंवा त्याहून फिकी शेड हवी असेल, तर मूळचे काळे केस खूप उजळवावे लागतात. ते काम वेगळं आहे आणि घरी करू नये.

टोकांचा लालसरपणा उन्हाचा आहे की जुन्या मेंदीचा, हेही आधी ठरवा. मेंदीचा लाल रंग मेंदी लावली तेवढ्या भागावर सारखा पसरलेला असतो आणि सहसा त्याची एक रेघ दिसते. उन्हाचा रंग वरच्या केसांवर जास्त, खालच्यांवर कमी, आणि टोकाकडे जाताना हळूहळू वाढत गेलेला असतो. मेंदी लावलेल्या टोकांना फिलरची गरज बहुधा नसते, कारण लाल थर तिथे आधीच आहे.

सावधान: घटक नीट न छापलेली मेंदी किंवा काळी मेंदी कधी लावली असेल, तर तिच्यात धातूचे क्षार असू शकतात. अशा केसांवर डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण, पडला की केस तापू आणि तुटू शकतात. विंचरताना गळलेले थोडे केस घ्या. काचेच्या वाटीत रंग आणि डेव्हलपरचं थोडं मिश्रण करून त्यात ते अर्धा तास ठेवा. वाटी कोमट लागली, बुडबुडे आले किंवा उग्र वास सुटला, तर इथेच थांबा.

## १. दोन दिवस आधी: त्वचेची चाचणी आणि स्वच्छ केस

कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, फिलर आणि शेवटची शेड या दोन्हींचा एकेक ठिपका, रंगाच्या डब्यातल्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे, लावून ४८ तास वाट पाहा. खाज, लाली, सूज आली तर रंग लावायचा नाही. हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढून पूर्वी कधी फोड आले असतील, तर चाचणीही घरी करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना भेटा. त्या नक्षीत आणि केसांच्या रंगात अनेकदा एकच रसायन असतं, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा जात नाही.

केस आदल्या दिवशी धुवा. त्या आठवड्यात तेल शक्यतो लावू नका. तेलकट टोकांवर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि शिवाय तेलाने टोकं असतात त्यापेक्षा गडद दिसतात, म्हणजे पुढची मोजणीच चुकते. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरत असाल, किंवा पोहायच्या तलावात नियमित जात असाल, तर जड पाण्याचे थर काढणारा शाम्पू घ्या. तो टोकांवर दोन मिनिटं राहू द्या. शेवटी कंडिशनर अगदी थोडा लावा आणि पूर्ण धुऊन काढा.

फाटे फुटलेली टोकं दोन-तीन सेंटीमीटर आत्ताच कापून घ्या. फाटलेल्या केसात रंग टिकत नाही, आणि त्याच्यासाठी घेतलेली पुढची सगळी मेहनत वाया जाते.

तपासणी: टोकाकडचा एक केस ओला करून दोन बोटांत हलकेच ताणा. धड केस थोडा लांबतो आणि सोडला की परत येतो. तो लांबत जाऊन तसाच राहिला, किंवा ओला असताना चिकट, रबरासारखा लागला, तर तेवढी टोकं कापा. रंग त्यांना वाचवू शकत नाही.

## २. केसांचा नकाशा

बहुतेक जणी हा टप्पा गाळतात, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

उन्हाने उजळलेले केस सरळ रेषेत उजळत नाहीत. वरचा थर ऊन खातो, मानेजवळचा आतला थर सावलीत राहतो. वेणी घालणाऱ्यांचं आणखी निराळं असतं: पेडांची बाहेरची बाजू उजळते आणि आत दडलेली बाजू तशीच राहते, म्हणून केस सोडले की पट्टे दिसतात. भांग नेहमी एकाच बाजूला पाडत असाल तर त्या बाजूचे केसही जास्त फिके निघतात. सगळ्या टोकांना सारखंच फिलर लावलं, तर जिथे गरज नव्हती तिथे डाग पडतो.

कोरड्या, तेल नसलेल्या केसांचे चार भाग करा: भांगाच्या दोन्ही बाजूंना पुढचे दोन, आणि कानापासून कानापर्यंतच्या रेषेमागचे दोन. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून, थेट उन्हात न जाता, प्रत्येक भागातला वरचा आणि आतला थर वेगळा पाहा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली हे काम करू नका, तिथे सगळंच तांबूस दिसतं.

आता प्रत्येक थराला आकडा द्या. ट्यूबवरचा पहिला आकडा गडदपणाचा असतो: १ काळा, २ जवळजवळ काळा, ३ गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिका तपकिरी, ६ त्याहून फिका, तांबूस पिंगट. दुकानात मिळणाऱ्या शेडकार्डावरचा गुच्छ केसांच्या बटेला लावून पाहा. नुसत्या अंदाजाने बोलाल तर आकडा सहज चुकतो.

आपल्या मुलीच्या केसांचा नकाशा असा निघाला: मुळं २, मधला भाग ३, वरच्या थराची शेवटची १२ सेंटीमीटर ६, आतल्या थराची शेवटची ५ सेंटीमीटर ४. हवी असलेली शेड ३.

हे कागदावर लिहून ठेवा. रंग लावायला सुरुवात झाली की ओले केस आहेत त्यापेक्षा गडद दिसतात, आणि कुठून कुठपर्यंत लावायचं ते डोळ्यांनी ठरवता येत नाही.

तपासणी: हवी असलेली शेड आणि त्या भागाची शेड यांतलं अंतर मोजा. दोन किंवा जास्त आकड्यांचं अंतर असेल तिथे फिलर हवं. एकाच आकड्याचं असेल तर शेवटची शेडच पुरते. म्हणून या मुलीच्या वरच्या थराला (६ वरून ३) फिलर लागणार, आतल्या थराला (४ वरून ३) नाही.

## ३. फिलर निवडणं

नियम साधा आहे: फिलर हव्या असलेल्या शेडपेक्षा एक आकडा फिकं आणि उबदार झाक असलेलं असावं. ३ नंबर हवा असेल तर ४ नंबरची तांबूस-तपकिरी शेड, म्हणजे कॉपर ब्राउन किंवा कॉपर-महोगनी. ५ नंबर हवा असेल तर ६ नंबरची कॉपर. गडद तपकिरीच्या तळाशी लाल असतो, मध्यम तपकिरीच्या तळाशी नारिंगी, फिक्या केसांच्या तळाशी पिवळा. आपण तोच तळ परत ठेवतो आहोत.

टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो, पण तो सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. एका कंपनीत .४ म्हणजे कॉपर, दुसरीत ४ म्हणजे लाल. म्हणून डब्यावरचं झाकेचं नाव वाचा, आकड्यावर विसंबू नका.

दुकानात लालसर शेड मागितली की हमखास बर्गंडी पुढे येते. ती घेऊ नका. बर्गंडीत जांभळी झाक असते. ती आपला हरवलेला तांबूस तळ भरत नाही, आणि वरून तपकिरी लावल्यावर टोकं वांग्याच्या रंगावर जातात. चटक लाल शेडही नको. ती वरच्या शेडमधून डोकावत राहते.

फिलरसाठी अमोनिया नसलेला, डेमी-परमनंट प्रकारचा, म्हणजे कायमचा न राहता धुण्यागणिक हळूहळू उतरणारा रंग घ्या आणि त्याच्याबरोबर १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्क्यांचा किंवा त्याहून सौम्य डेव्हलपर. टोकं आधीच उजळलेली आहेत, त्यांना आणखी उजळवणारा जोर नको. घरगुती पाकिटातल्या रंगाबरोबर बहुधा जोरकस डेव्हलपर येतो, त्यामुळे फिलर म्हणून ते पाकीट चालत नाही. पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानातून ट्यूब आणि डेव्हलपर सुटे घ्या.

शेवटच्या शेडसाठी नॅचरल मालिकेतला ३ नंबर घ्या. नावात अ‍ॅश असलेली शेड या केसांवर पहिल्यांदा तरी टाळा. अ‍ॅश म्हणजे हिरवट-निळसर झाक, आणि उन्हाने पोकळ झालेली टोकं तीच आधी शोषतात.

## ४. एका बटेवर चाचणी

कानामागची, वरच्या थरातली, सगळ्यात फिकी झालेली पेन्सिलीएवढ्या जाडीची एक बट निवडा. पुढे सगळ्या डोक्यावर जे करणार आहात ते तिच्यावर त्याच क्रमाने करा: आधी फिलर, साध्या पाण्याने धुणं, मग शेवटची शेड, मग पूर्ण वाळवणं.

वाळलेली बट खिडकीशी नेऊन मधल्या भागाच्या केसांशेजारी धरा. ती जास्त गडद निघाली तर टोकांसाठी शेवटची शेड निम्मी ३ आणि निम्मी ४ अशी मिसळा. तांबूस निघाली तर शेवटची शेड पाच मिनिटं जास्त ठेवा, पण पत्रकातल्या कमाल वेळेच्या पुढे जाऊ नका. हिरवट निघाली तर फिलर कमी पडलं. त्याची वेळ वाढवा किंवा त्यात कॉपरचं प्रमाण वाढवा.

शक्य असेल तर दोन दिवस थांबा आणि ती बट एकदा शाम्पूने धुऊन पाहा. टिकाऊपणाची खरी परीक्षा पहिल्या धुण्यात होते. घाई असेल तेव्हा हीच पायरी सोडली जाते, आणि ती सोडल्याचं पुढे वाईट वाटतं.

## ५. फिलर लावणं

साहित्य: प्लास्टिकच्या किंवा काचेच्या दोन वाट्या, दोन ब्रश, हातमोजे, चार चिमटे, मोठ्या दातांचा कंगवा, पाणी फवारायची बाटली, जुना टॉवेल, घड्याळ. स्टीलची वाटी नको. प्रमाण मोजायला वजनकाटा असेल तर उत्तम. पत्रकात १ ला १.५ असं प्रमाण असेल तर २० ग्रॅम रंगाला ३० मिलीलिटर डेव्हलपर. आपल्या मुलीच्या वरच्या थराच्या १२ सेंटीमीटर टोकांना एवढं पुरतं. केस फार दाट असतील तर दीडपट घ्या. मिश्रण अपुरं पडलं की हात आखडतो आणि रंग पातळ बसतो. कोरड्या टोकांना तर नेहमीपेक्षा जास्तच लागतो.

१. आतला थर, ज्याला फिलर नको, तो वर गुंडाळून चिमट्याने बांधा. वरचा थर मोकळा ठेवा.

२. टोकांवर पाणी फवारून टॉवेलने टिपा. केस दमट हवेत, गळके नकोत. दमट केसांत फिलर सारखं पसरतं. कोरड्या टोकांत पहिल्या फटक्यालाच जिथे ब्रश टेकला तिथे जास्त शोषलं जातं.

३. सगळ्यात फिक्या भागापासून सुरुवात करा, म्हणजे शेवटच्या पाच-सहा सेंटीमीटरपासून. बट तळहातावर पसरून दोन्ही बाजूंनी ब्रशने लावा आणि बोटांनी चोळून आत घाला.

४. मग वर या. नकाशात फिका भाग जिथे संपतो त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर आधी ब्रशवरचं मिश्रण संपत आणा. तिथून ब्रश उभा धरून हलके, तुटक फटकारे द्या. सरळ रेघ आखू नका. प्रत्येक बटेवर ही सीमा थोडी वर-खाली ठेवा. ऊनसुद्धा सरळ रेषेत पडलेलं नव्हतं.

५. मोठ्या दातांचा कंगवा एकदाच फिरवा, तोही वरून खाली. खालून वर कंगवा नेला तर फिलर मधल्या गडद भागावर चढतं, आणि तिथे नंतर काळपट पट्टा पडतो.

६. पत्रकातल्या वेळेप्रमाणे ठेवा, बहुधा १५ ते २० मिनिटं. ड्रायरची उष्णता देऊ नका.

तपासणी: दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या कापडाने पुसून पाहा. ती मधल्या भागापेक्षा किंचित फिकी आणि स्पष्ट लालसर-तांबूस दिसायला हवी. मधल्या भागाइतकीच गडद झाली असेल तर लगेच धुवा, कारण वरून अजून एक थर यायचा आहे.

नंतर फक्त कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. शाम्पू नाही, कंडिशनर नाही. शाम्पूने आत्ताच ठेवलेला थर सैल होतो, आणि कंडिशनरमुळे पुढची शेड आत शिरायला अडते. टॉवेलने चोळू नका, दाबून टिपा. मग गार हवेवर केस जवळजवळ कोरडे करा.

या क्षणी आरशात जे दिसतं त्याने घाबरायला होतं: मुळं काळी, मध्य तपकिरी, टोकं लालसर. हे असंच दिसायला हवं. टोकं आत्ताच छान तपकिरी, मधल्या भागासारखी दिसत असतील, तर फिलर गरजेपेक्षा गडद लागलं आहे. तसं झालं असेल तर पुढच्या टप्प्यात टोकांना शेवटची शेड फक्त पाच मिनिटं द्या.

## ६. शेवटची शेड

इथे दोन वाट्या लागतात, एक नाही. शेड तीच, ३ नंबर, पण डेव्हलपर वेगळा. मुळं आणि मधल्या भागासाठी २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के, कारण २ नंबरची मुळं जराशी उजळून ३ वर यायची आहेत. टोकांसाठी १० व्हॉल्यूम, कारण तिथे फक्त रंग बसवायचा आहे. दुसरी वाटी आत्ता कालवू नका. रंग कालवल्यापासूनच त्याचं काम सुरू होतं, आणि पाऊण तास पडून राहिलेलं मिश्रण टोकांवर फिकं बसतं.

पहिल्या वाटीतून मधल्या भागाने सुरुवात करा, टाळूपासून दीडएक सेंटीमीटर सोडून. टाळूच्या उष्णतेमुळे मुळांशी रंग लवकर चढतो. आधी मुळांना लावलं तर तिथे उजळ पट्टा दिसतो. चारही भागांचा मध्य झाला की दहा मिनिटांनी मुळांना लावा. मागच्या भागापासून पुढे या, कपाळावरचे बारीक केस सगळ्यात शेवटी. पांढरे केस असतील तर मात्र उलट: ते रंग धरायला वेळ घेतात, म्हणून त्या जागी पहिल्यांदा आणि दाट लावा.

मुळांना लावून झाल्यावर पत्रकातली वेळ मोजायला लागा. संपायला साधारण १५ मिनिटं उरली असताना दुसरी वाटी कालवा आणि टोकांना लावा, या वेळी आतल्या थरासकट. जिथे फिलरची सीमा होती तिथे दोन्ही रंग बोटांनी एकमेकांत मिसळा. डोक्यावर केस गच्च बांधू नका. सैल गोळा करून ठेवा, म्हणजे हवा सारखी लागते.

सावधान: टोकांना रंग लावायला वेळ कमी पडतोय असं वाटून सगळं डोकं वीस मिनिटं जास्त ठेवू नका. मुळांचा वेळ मुळांपुरता. टोकं मागे राहिली तर मुळं आणि मध्य पाण्याने धुऊन टोकं तेवढी ठेवता येतात.

तपासणी: वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी तीन बटा पुसा: मुळाशी एक, मध्याला एक, वरच्या थराच्या टोकाला एक. तिन्ही शेजारी धरा. टोक गडद व्हायला लागलं असेल तर आधी टोकं धुवा.

मग आधी थोडं पाणी घेऊन रंग डोक्यावर हलकेच चोळा, म्हणजे टाळूवरचे डाग सुटतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. रंगवलेल्या केसांचा सौम्य शाम्पू एकदा, आणि कंडिशनर फक्त टोकांना. उरलेलं मिश्रण फेकून द्या. बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवलं तर आत वायू साठून बाटली फुटते.

## ७. बिघडलं तर

निर्णय केस पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात घ्या. ओल्या केसांवर घाईघाईने दुरुस्ती करू नका.

टोकं हिरवट किंवा मातकट आली असतील, तर तळाचा तांबूस थर कमी पडला. फिलरच्या उरलेल्या ट्यूबमधून थोडा रंग ३ टक्क्यांच्या डेव्हलपरबरोबर ताजा कालवा. दमट टोकांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पाहा. हिरव्यावर लालसर बसलं की तपकिरी दिसतं. यावर गडद शेड लावली तर हिरवा जात नाही, नुसता झाकला जातो.

टोकं काळी आली असतील तर पहिल्या दोन-तीन दिवसांत जड पाण्याचे थर काढणारा शाम्पू वापरून, कोमट पाण्याने, लागोपाठ दोनदा धुवा. फेस टोकांवर पाच मिनिटं राहू द्या. नवा रंग तेव्हा बऱ्यापैकी सुटतो. ब्लीच लावून उतरवायचा मोह टाळा. त्या टोकांनी आधीच तीन-चार वर्षांचं ऊन सोसलेलं आहे. केस महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे ४५ सेंटीमीटर केसांचं टोक डोक्यावर आलं त्याला एवढा काळ झालेला असतो.

मध्याला काळपट पट्टा दिसत असेल तर फिलर नको तिथे चढलं. फक्त त्या पट्ट्यावर तोच शाम्पू चोळा. वरखाली अजून रंग लावून तो जुळवायला गेलात, तर पट्टा रुंद होतो.

आणि दोन आठवड्यांत टोकं पुन्हा तांबूस झाली तर? पोकळ केसात ही गळती थोडी होतेच. टोकांनाच, मुळांना हात न लावता, डेमी-परमनंट ३ नंबर सौम्य डेव्हलपरबरोबर दहा मिनिटं लावा. एक-दोनदा असं केलं की थर टिकायला लागतो.

## पुढच्या वेळी

पहिले दोन दिवस शाम्पू लावू नका. उन्हात बाहेर पडताना वेणी स्कार्फच्या आत गुंडाळा, नाहीतर सहा महिन्यांत तोच नकाशा पुन्हा काढावा लागेल. ओले केस उन्हात वाळवू नका. ओल्या केसांना ऊन जास्त लागतं. पोहायच्या आधी केस साध्या पाण्याने भिजवून घेतले तर तलावाचं पाणी कमी शोषलं जातं.

दीड-दोन महिन्यांनी मुळं रंगवायची वेळ आली की फक्त नव्याने वाढलेल्या दोन-अडीच सेंटीमीटरवर ३ नंबर लावा. उरलेला रंग धुताना टोकांपर्यंत ओढून घ्यायची पार्लरमध्येही सवय असते, तिला स्पष्ट नाही म्हणा. दर वेळी एकेक थर चढत जाऊन वर्षभरात टोकं काळी होतात. टोकं फिकी वाटली तर त्यांना डेमी-परमनंट, तेही फिक्या झालेल्या बटांपुरतं. कोणत्या बटा ते तुमच्या कागदावर लिहिलेलं आहेच, आणि दुचाकीवरून येणाऱ्या मुलीच्या बाबतीत त्या नेहमी वरच्या थरातल्याच निघतात.